शिफ्ट बदलताना काउंटर शून्य करावा का?

प्रश्न: स्काडाच्या टॅगवरून रोजचा उत्पादन रिपोर्ट काढतो. शिफ्ट बदलताना काउंटर रिसेट करतो, पण टोटल जुळत नाही. काय करू?

उत्तर: रिसेट बंद करा. स्काडाने आकडा वाचला आणि नंतर शून्य केला, तर मधल्या क्षणात मोजलेले नग कुठल्याच शिफ्टमध्ये येत नाहीत. काउंटर सलग चालू ठेवा आणि शिफ्टच्या शेवटच्या रीडिंगमधून सुरुवातीचं वजा करा. बरोबर शिफ्ट बदलण्याच्या क्षणी कम्युनिकेशन तुटलेलं असू शकतं, म्हणून ते रीडिंग पीएलसीलाच वेगळ्या रजिस्टरमध्ये धरून ठेवू द्या. स्काडा ते नंतर सावकाश वाचेल.

१६ बिटचा काउंटर ६५५३५ नंतर पुन्हा ० वर येतो. समजा रात्री ११ ला ६५२१० होते आणि सकाळी ७ ला १३४० आहेत. वजाबाकी -६३८७० येते, त्यात ६५५३६ मिळवले की खरे १६६६ नग.

```
d = end - start
if d < 0: d += 65536
```

मात्र कोणी मध्येच काउंटर शून्य केला, तरीही वजाबाकी ऋण येऊ शकते आणि हाच हिशोब भलताच मोठा आकडा देतो. मशीन ताशी २४० नगच काढत असेल तर ८ तासांत १९२० च्या वर जाणं शक्य नाही. त्यापुढचा आकडा रिपोर्टमध्ये टाकू नका, लाल करून तपासायला ठेवा.

रात्रपाळीची तारीख नेहमी शिफ्ट सुरू झाल्याच्या वेळेवरून घ्या, नाहीतर १४ तारखेचं उत्पादन १५ मध्ये जाईल.