मराठी स्पेलिंग बी: तीन वयोगटांसाठी शब्दयाद्या कशा लावाव्यात

प्रश्न: आमच्या इथल्या मराठी शाळेत या वर्षी मराठी शब्दांची स्पेलिंग बी घ्यायची आहे. गट तीन आहेत, ६ ते ८, ९ ते ११ आणि १२ ते १५ वर्षे. प्रत्येक गटात साधारण पंधरा मुलं. सोप्यापासून अतिकठीणपर्यंत शब्दयाद्या कशा तयार करायच्या?

उत्तर:

अमेरिकेतल्या आमच्या गावच्या मराठी शाळेसाठी नऊ वर्षे या याद्या करतोय. पहिल्या वर्षी काय चुकलं ते आधी सांगतो, कारण नवीन याद्या पाहतो तेव्हा तीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. आम्ही शब्द लांबीवरून लावले होते. दोन-तीन अक्षरी शब्द लहानांना, पाच-सहा अक्षरी मोठ्यांना. झालं असं की मोठ्या गटातल्या मुलीला 'आगगाडी' आला आणि तिने तो डोळे मिटून सांगितला. लहान गटातल्या सात वर्षांच्या मुलाला 'कृपा' आला आणि तो 'क्रुपा' म्हणून बाद झाला. त्याची आई मला एवढंच म्हणाली, "दादा, ऐकायला तर दोन्ही एकच आहेत ना?" तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. यादी लावायची खरी किल्लीही त्यातच आहे.

इंग्रजीत जवळजवळ प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग कोडं असतं. मराठीत बहुतेक अक्षरं कानाला ऐकू येतात तशीच लिहायची असतात, आणि प्रश्न पडतो तो मोजक्या जागी. मी त्यांना 'संशयाच्या जागा' म्हणतो. वेलांटी पहिली की दुसरी, उकार पहिला की दुसरा, 'श' की 'ष', 'ऋ' की 'रु', एखादं अर्धं अक्षर लपलंय का, विसर्ग आहे का. शब्द हातात घेतला की अशा जागा मोजायच्या. मग प्रत्येक जागेबद्दल विचारायचं की ती एखाद्या नियमाने सुटते, की शब्द पाठच असावा लागतो. नियमाने सुटणारी जागा सोपी, आणि नियमाला अपवाद असलेली जागा अवघड.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 'किडा' आणि 'क्रीडा'. मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व असतो, म्हणून किडा, महिना, पाहुणा. नऊ वर्षांच्या मुलाला हा नियम एका तासात कळतो. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत, म्हणून क्रीडा, पूजा, परीक्षा. उलट बाजूलाही तेच. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर आधीचं दीर्घ, म्हणून फूल, दूध, बहीण, जमीन. पण गुण, सुख, विष, मंदिर हे संस्कृत शब्द ऱ्हस्वच राहतात. 'फूल' आणि 'गुण' दोन्ही दोन अक्षरांचे, रोजच्या वापरातले. तरी यादीत ते निदान दोन पायऱ्या लांब असायला हवेत.

आता रचना. तीन गटांच्या तीन वेगळ्या याद्या करू नका, एकच आठ पायऱ्यांची शिडी करा. लहान गट पहिल्या ते चौथ्या पायरीवर, मधला तिसऱ्या ते सहाव्या, मोठा पाचव्या ते आठव्या. म्हणजे लहानांसाठी जे कठीण, ते मधल्यांसाठी सुरुवातीचं. पायरीला चाळीस शब्द धरले तर एकूण ३२० शब्द लागतात आणि प्रत्येक गटाला १६० मिळतात. पंधरा मुलांना एका पायरीवर दोन फेऱ्या दिल्या तरी जास्तीत जास्त तीस शब्द खर्च होतात, वरचे दहा बरोबरी सोडवायला राहतात. हे दहा शब्द मी पालकांना दिलेल्या यादीत घालत नाही.

पहिल्या पायरीवर संशयाची जागाच नसलेले शब्द घ्या: मासा, बदक, डोळा, सरबत. 'आगगाडी'सुद्धा जवळपास इथलाच, लांबी पाहून घाबरू नका. दुसरीवर फक्त शेवटच्या वेलांटी-उकाराचा नियम आणि साधा अनुस्वार: चटणी, लाडू, आंबा, पतंग, चेंडू. तिसरीवर वर सांगितलेला शेवटून दुसऱ्या अक्षराचा नियम. चौथीवर कानाला स्पष्ट ऐकू येणारी जोडाक्षरं आणि रफार: रस्ता, शब्द, पुस्तक, सूर्य. परदेशातल्या मुलांना 'ऱ्य' आणि 'र्य' यांतला फरक मुद्दाम शिकवावा लागतो, म्हणून 'दऱ्या' आणि 'वाऱ्यावर' मी चौथीच्या शेवटी ठेवतो.

पाचवीपासून कान साथ सोडतो. कृपा, गृहपाठ, ऋतू हे शब्द इथले. 'ष'साठी थोडा आधार आहे. संस्कृत शब्दात ट-ठच्या आधी ष असतो आणि च-छच्या आधी श, म्हणून कष्ट, निष्ठा, पण निश्चय. तो आधार चालतो ते शब्द पाचवीत, चालत नाही ते, जसे पुरुष, विशेष, भाषा, सहावीत. सहावीवर पाठांतराचे ऱ्हस्व-दीर्घ येतात: परीक्षा, आशीर्वाद, मुहूर्त, कुतूहल. इथेच समासही घाला. एकट्या शब्दात आपण कवी, गुरू, बुद्धी असं दीर्घ लिहितो, पण समासात पहिल्या जागी तेच ऱ्हस्व होतात: कविवर्य, गुरुदक्षिणा, बुद्धिबळ. बुद्धिबळ खेळणारी मुलंसुद्धा हा शब्द चुकवतात, आणि कारण कळलं की पुन्हा चुकवत नाहीत.

सातवी पायरी मला सर्वांत आवडते. तिथे लपलेली अर्धी अक्षरं असतात, आणि शब्द फोडला की ती बाहेर येतात. 'उज्ज्वल' घ्या. उत् आणि ज्वल जोडताना त्चा ज् होतो, म्हणून दोन ज, त्यातला एक ऐकूच येत नाही. पण 'प्रज्वलित'मध्ये प्र आणि ज्वलित, म्हणून एकच ज. तसंच 'महत्त्व' म्हणजे महत् आणि त्व, म्हणून दोन त. 'नेतृत्व' म्हणजे नेतृ आणि त्व, तिथे एकच. 'उद्ध्वस्त'मध्ये द आणि ध दोन्ही, 'विध्वंस'मध्ये फक्त ध. अशा जोड्या यादीत शेजारी ठेवा, स्पर्धेत मात्र वेगवेगळ्या मुलांना द्या. तत्त्वज्ञान, उच्छ्वास, माहात्म्य हेही इथलेच.

आठवीवर एकाच शब्दात तीन-चार संशय हवेत. 'शुश्रूषा' हा माझ्या मते त्यातला राजा. पहिलं अक्षर श की ष, त्याचा उकार कोणता, श्रचा उकार कोणता, शेवटी श की ष. चार जागा, आणि उच्चारातून एकही पक्की कळत नाही. जिजीविषा, ज्योत्स्ना, कोट्यधीश हेही तिथलेच. 'कोट्यधीश' बहुतेक सगळे 'लक्षाधीश'च्या चालीवर 'कोट्याधीश' करतात. पण लक्ष आणि अधीश यांचं लक्षाधीश होतं, आणि कोटि आणि अधीश यांचं कोट्यधीश. 'षष्ट्यब्दी'त ट आहे, ठ नाही, कारण मूळ शब्द षष्टि म्हणजे साठ. षष्ठ म्हणजे सहावा. हा शब्द मी अंतिम फेरीसाठीच राखतो.

आता शब्द गाळण्याबद्दल, कारण भांडणं इथे होतात. नियम म्हणून मराठी साहित्य महामंडळाचेच धरा, १९६२चे चौदा आणि १९७२ला जोडलेले चार. शिवाय एकच लेखनकोश प्रमाण ठरवून तसं पालकांना आधीच लिहून कळवा. १९६२च्या आधी छापलेल्या गोष्टींच्या पुस्तकांतून शब्द उचलू नका, त्यांत 'नांव', 'कांही', 'घरें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार सापडतात. दोन रूपं चालणारे शब्द, जसे कोश आणि कोष, यादीतून काढाच. 'पाश्चात्त्य'बद्दल जाणकारांतही वाद आहेत, तोही नको. तत्सम शब्दात अनुस्वाराऐवजी परसवर्ण चालतो, म्हणून मुलाने 'चन्द्र' सांगितलं तर ते बरोबर धरायचं हे परीक्षकांना लेखी द्या. इंग्रजीतून आलेले शब्द मी बॅट, ऑफिस एवढ्यावरच थांबवतो, पुढे वेलांट्यांवर एकमत नसतं.

प्रत्येक शब्दापुढे एक वाक्य लिहिलेलं असलंच पाहिजे. दुसऱ्या वर्षी आमच्याकडे 'दिन' दिला आणि वाक्य दिलं नाही. मुलाने 'दीन' सांगितलं, बाद ठरवला गेला, आणि शेवटी फेरी परत घ्यावी लागली. तेव्हापासून माझ्या वहीत ओळ अशी असते: शब्द, वाक्य, संशयाच्या जागा, पायरी. 'दिन, आज शिक्षक दिन आहे, द ची वेलांटी, सहावी.'

शब्द उच्चारणारी व्यक्ती एका गटाला एकच ठेवा आणि तिच्याकडून यादी आधी मोठ्याने वाचून घ्या. 'न-ण' आणि 'ल-ळ' स्वच्छ हवेत, कारण इथल्या मुलांना तो फरक नीट ऐकवला तरच कळतो. दुसरीकडे उत्साही मावशी 'फूऽल' असं लांबवतात किंवा 'उज्-ज्वल' तोडून म्हणतात, तेव्हा उत्तरच हातात मिळतं. नेहमीच्या बोलण्यात जसा येतो तसाच शब्द म्हणायचा. मुलांनी सांगायची पद्धतही ठरवून द्या: 'श ला पहिला उकार, श्र ला दुसरा उकार, ष ला काना.' अर्धी अक्षरं एकेक मोजून सांगायची, म्हणजे उज्ज्वल हा 'उ, अर्धा ज, अर्धा ज, व, ल'. लहान गटाला हे तोंडी झेपत नाही, त्यांना पाटीवर लिहू द्या.

आणि शेवटची चाचणी मुलांवरच होते. स्पर्धेत नसलेली पाच-सहा मुलं गाठा, दुसऱ्या गावच्या शाळेतली असली तर उत्तम, आणि त्यांना प्रत्येक पायरीचे दहा-दहा शब्द शुद्धलेखनासारखे घाला. सगळ्यांनी बरोबर लिहिलेला शब्द एक पायरी खाली न्या, सगळ्यांनी चुकवलेला एक पायरी वर. आमच्याकडे 'विद्यार्थी' कुणीच चुकवलं नाही, कारण तो शब्द त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावरच छापलेला आहे, आणि 'ऊस' निम्म्यांनी चुकवला. कागदावर मोजलेल्या जागा आणि मुलांच्या डोळ्यांखालून गेलेले शब्द यांचा मेळ असाच बसतो. या कामाला स्पर्धेआधी तीन आठवडे ठेवा, पालकांना यादी त्यानंतरच पाठवा.