‘डीज़ल’ आणि ‘डिझेल’: पंपावरच्या पाट्यांची साक्ष

“कोकणातला म्हणून मिळालेल्या एका फोटोत पंपावर ‘डीज़ल’ असे लिहिलेले आहे. आपण तर ‘डिझेल’ लिहितो. मग फोटो महाराष्ट्राबाहेरचा समजावा का? आणि पंपावरच्या त्या मोठ्या छपराला मराठीत काय म्हणावे?”

तेवढ्यावरून तसे समजू नये. ‘डीज़ल’ हे हिंदी लेखन आहे. परक्या शब्दातला हा दंततालव्य ध्वनी हिंदी ज खाली नुक्ता देऊन दाखवते आणि मराठी त्यासाठी सरळ झ वापरते, म्हणून आपले ‘डिझेल’ झाले. परंतु इंधन विकणाऱ्या मोठ्या कंपन्या केंद्र सरकारच्या मालकीच्या असून हिंदीत व्यवहार करण्याचे नियम त्यांना लागू असल्यामुळे यंत्रावर चिकटवलेली त्यांची हिंदी पट्टी राजापुरातही दिसू शकते. ती पट्टी कंपनीची भाषा सांगते, गावाची नव्हे. छताच्या कडेचे रंगही तसेच: त्यांवरून कंपनी कळते, जागा कळत नाही.

पंपचालकाने स्वतः लिहून घेतलेली पाटी मात्र नीट वाचावी. माझ्याजवळच्या, 2024 च्या अखेरीस सावंतवाडी ते बांदा या टप्प्यात काढलेल्या एका फोटोत यंत्रावर ‘डीज़ल’ आहे, तर हवेच्या नळीशेजारी रंगाने ‘हवा मोफत’ आणि दरफलकावर ‘आजचे दर’ असे आहे. हिंदीत तिथे ‘मुफ़्त’ आणि ‘आज का मूल्य’ किंवा ‘आज के दाम’ असे काहीसे आले असते. ‘आजचे’ मधला ‘चे’ हा प्रत्यय एकट्या शब्दापेक्षा भक्कम पुरावा आहे, कारण शब्द उसने घेतले जातात, प्रत्यय सहसा घेतले जात नाहीत.

तरीही मराठी पाटी गोव्यातही असू शकते, आणि तिथे दराचा आकडा उपयोगी पडतो. इंधनावरचा मूल्यवर्धित कर प्रत्येक राज्य आपापला ठरवते. त्या सुमारास सिंधुदुर्गात पेट्रोल लिटरमागे शंभर रुपयांच्या वर होते आणि पत्रादेवीचा नाका ओलांडला की शंभराच्या आत. माझ्या फोटोतला आकडा शंभराच्या वरचा असल्याने तो नाक्याच्या अलीकडचा, म्हणजे महाराष्ट्रातलाच ठरला. अर्थात फोटो कधीचा हे माहीत नसेल, तर हा ताळा जमत नाही, कारण 16 जून 2017 पासून देशभर दर रोज ठरतात.

छपराबद्दल माझे मत असे: कोकणात ‘छप्पर’ म्हटले की उतरते, कौलारू किंवा गवती आच्छादन डोळ्यांपुढे येते. पंपावरचे आच्छादन सपाट आणि खांबांवर उभे असते, त्यामुळे ‘छत’ अधिक चपखल बसते. पंपावरची माणसे ‘कॅनोपी’च म्हणतात आणि बोलताना तेही चालावे.