समोरच्याची पाटी वाचताना

प्रश्न : मी भांडुपला घरून मालवणी मसाला विकते, किलोला ८०० रुपये. समोर नवीन दुकान आलंय, तो ६८० लावतो. बायका तोंडावर विचारतात, "तुमचाच एवढा महाग का?" मी दर खाली आणू का?

ताई, आधी त्याच्याकडून पाव किलो विकत आणा. घरी वजन करा आणि चमचाभर गरम तेलात टाकून तुमच्या मसाल्याशेजारी ठेवून बघा. लालबागच्या मिरची गल्लीत एकाच रांगेत बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी आणि लवंगी मिरची वेगवेगळ्या दरानं मिळते हे तुम्हाला मी सांगायला नको. मिरची देठासकट दळली की वजन वाढतं. मिरचीच्या मानानं धणे जास्त टाकले की मसाला स्वस्त पडतो, पण रंगही फिका येतो. चिमूटभर जिभेवर ठेवा. मीठ लागलं तर तो मिठाचेही मसाल्याच्या भावानं पैसे घेतोय. त्याचं पाकीट असेल तर मागचे घटक वाचा. जे वजनानं सर्वांत जास्त, ते पहिलं छापावं लागतं. पहिलं नाव धण्याचं असेल तर तुमचा मसाला आणि त्याचा मसाला ही एक वस्तूच नाही, मग ८०० आणि ६८० यांची तुलनाही लागू पडत नाही.

समजा तपासल्यावर माल खरंच तुमच्या तोडीचा निघाला. तर आता वही काढा. मिरची, धणे, खडा मसाला, कांडप, पिशवी असा सगळा धरून किलोमागे तुमचा खर्च ६०० रुपये येतो असं समजू. तुमचा खरा आकडा घालून हेच गणित पुन्हा करा. ८०० ला विकलं तर किलोमागे २०० उरतात. महिन्याला ५० किलो जात असेल तर १०,००० रुपये. आता ६८० ला विकलंत तर किलोमागे फक्त ८० उरतात. तेच १०,००० हवे असतील तर १२५ किलो विकावं लागेल, म्हणजे अडीचपट. तेवढी मिरची निवडायला, भाजायला तुमच्या घरात हात आहेत का? आणि भांडुपच्या त्या दोन-चार गल्ल्यांत तेवढी गिऱ्हाइकं तरी आहेत का?

हेच उलट बाजूनंही पाहा, कारण निर्णय इथेच होतो. दर उतरवून सगळी गिऱ्हाइकं टिकली, तरी ५० किलोचे ४,००० च मिळतात. दर ८०० च ठेवला आणि गिऱ्हाइकं गेली, तर ४,००० वर यायला तुमची विक्री २० किलोपर्यंत घसरावी लागेल. म्हणजे १०० पैकी ६० जणींनी पाठ फिरवली, तरच दोन्ही वाटा सारख्या ठरतात. तेवढ्या जातील असं मला वाटत नाही. तुमचा दर तसाच ठेवा.

मात्र कोण गेलं हे मोजत राहा. मोजताना एक चूक फार होते. मसाला घेणारी बाई दर आठवड्याला येत नाही. मार्च ते मे या दिवसांत वर्षाचा मसाला भरते आणि मग पावसाळाभर फिरकत नाही. त्यामुळे जूनमध्ये विक्री पडली म्हणून समोरच्याला दोष देऊ नका. गेल्या उन्हाळ्यात कुणी किती घेतलं त्याची यादी करा आणि या उन्हाळ्यात त्यातल्या किती आल्या ते बघा. न आलेल्यांपैकी तिघी-चौघींना सरळ विचारा. कुणी म्हणेल मुलीकडे गेले होते, कुणी म्हणेल तिखट जास्त झाला होता. यातल्या कशावरही दर कमी करणं हा उपाय नाही.

आणि काही जणींना खरंच ८०० परवडत नसतील, तर धणे जास्त असलेला साधा मसाला वेगळ्या नावानं, वेगळ्या पिशवीत ६८० ला ठेवा. जुन्या मसाल्याचं प्रमाण मात्र बदलू नका. ते बदललेलं नेहमीच्या गिऱ्हाइकाला पहिल्याच कालवणात कळतं.

प्रश्न : दादरला किराणा दुकान आहे. मोबाइलवर मागवायच्या अ‍ॅपमध्ये तेलाची पिशवी माझ्या खरेदीपेक्षाही स्वस्त दिसते. मी काय करावं?

आधी पिशवीचं वजन वाचा. १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण बाजारात ८५० किंवा ८०० ग्रॅमच्या पिशव्याही आहेत आणि दिसायला सगळ्या सारख्याच. पाकिटावर ग्रॅममागचा किंवा किलोमागचा दर छापलेला असतो. तुलना त्याची करा. मग अ‍ॅपवर ऑर्डर शेवटच्या पायरीपर्यंत न्या आणि डिलिव्हरी, हाताळणी असे आकार धरून बिल किती होतं ते पाहा. एकच पिशवी मागवली तर बिल बऱ्याचदा तुमच्या दराच्या वर जातं. मोठ्या बिलावर तो आकार माफ होतो, तिथे मात्र अ‍ॅप खरंच स्वस्त पडतं.

तरीही अ‍ॅपचा दर स्वस्त निघाला, तर खरेदीच्या खाली जाऊन बरोबरी करू नका. गिऱ्हाइकाला तोंडपाठ दर असतात ते आठ-दहा वस्तूंचेच : तेल, साखर, तूरडाळ, चहा. यांवर दुकान महाग की स्वस्त हे ठरतं, म्हणून इथे नफा अगदी कमी ठेवून जवळपास राहा. हिंग, कोकम, वातींचं पाकीट यांचा दर कुणी अ‍ॅपशी ताडत बसत नाही. तिथे तुमचा दर तुमचाच ठेवा.

प्रश्न : आमच्या गल्लीत तीनच दुकानं आहेत. तिघांनी बसून एक दर ठरवला तर भांडणच मिटेल ना?

असं करू नका. स्पर्धकांनी आपसात दर ठरवणं स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ नुसार बेकायदा आहे, मग तो करार तोंडी का असेना. समोरच्याची पाटी बघून आपला दर आपण एकट्यानं ठरवायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : परळला ऑफिसांजवळ पोळी-भाजी केंद्र सुरू करतोय. शेजारचा थाळी ९० ला देतो. मी ८० पासून सुरुवात करू का?

शेजाऱ्याला पाटी बदलायला एक खडू पुरतो. उद्या तोही ८० करेल. मग तुम्ही दोघंही तेवढीच गिऱ्हाइकं थाळीमागे १० रुपये कमी घेऊन जेवू घालाल. त्याला जमणार नाही अशा कारणानं तुमचा खर्च कमी असेल, म्हणजे गाळा स्वतःचा असेल किंवा पोळ्या घरचीच माणसं लाटत असतील, तरच दर कायमचा खाली ठेवा.

नाहीतर पाटीवर ९० च लिहा आणि खाली तारीख घालून ‘सुरुवातीचे पंधरा दिवस ८०’ असं लिहा. पहिल्या दिवशी नुसतं ८० लिहिलंत तर तोच दर लोकांच्या डोक्यात बसतो आणि पुढे ९० केले की महागलात असं होतं. त्यापेक्षा मला जास्त आवडतो तो मार्ग असा : महिन्याचे २४ डबे आगाऊ पैसे भरून घेणाऱ्याला ८० नं द्या. तुम्हाला सकाळीच कळतं किती कणीक भिजवायची, उरलेली भाजी फेकावी लागत नाही, आणि ती वाचलेली भाजीच या सवलतीचा बराच भार उचलते. शेजाऱ्याकडे आगाऊ भरणारी गिऱ्हाइकं नसतील, तर फक्त पाटी बदलून त्याला तुमची बरोबरी करता येणार नाही.

संध्याकाळी चारनंतर उरलेल्या भाजीचा दर मात्र बेधडक उतरवा. ती भाजी उद्या विकायची नाही, त्यामुळे तिचे जे येतील ते पैसे तुमचेच.