अरबी वॉरंटी कार्ड छापण्याआधी

"कुपवाड एमआयडीसीत आमचा मोनोब्लॉक पंपांचा लहान कारखाना आहे. जेद्दाच्या व्यापाऱ्याची पहिली ऑर्डर आली आहे. आमच्या मराठी वॉरंटी कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो भाषांतरकाराला पाठवला, त्याने अरबी मजकूर करून दिला. तो छापून खोक्यात टाकला तर उद्या अंगाशी येईल का?"
– एक उद्योजक, सांगली

येऊ शकतं, म्हणून छपाई थांबवा. तिथलं गिऱ्हाईक अरबी कार्ड वाचूनच पंप घेणार आणि सौदी कोर्टाचं कामही अरबीतच चालतं. 'मूळ मराठी मजकूर ग्राह्य' अशी ओळ तळाशी टाकली, तरी तिच्यावर विसंबू नका. संदिग्ध अटीचा अर्थ ती लिहिणाऱ्याच्या विरोधात लावायचा, हे तत्त्व आपल्या कोर्टांतही आहेच.

आधी फोटोचं बघा. अपवाद बहुतेक कार्डांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतात आणि फोटो निघतो पुढच्या बाजूचा. प्रेसवाल्याकडून दोन्ही बाजूंची मूळ फाइल मागवा. ती नसेल तर फोटोवरून मराठी मजकूर टाइप करून घ्या, हातातल्या कार्डाशी ताडा, सही करा आणि तोच भाषांतराला द्या. जे वाचता आलं नाही तिथे भाषांतरकाराने 'गैर मक्रू', म्हणजे अवाचनीय, असं लिहावं. अंदाजाने भरू नये. आकड्यांचा घोळ तर खास आपलाच: मराठी ० हा अरबी पाचासारखा दिसतो आणि मराठी १ अरबी नवासारखा. '१० दिवसांत कळवावे' यातला आकडा फोटोतून जसाच्या तसा उतरला, तर तिकडचा माणूस तो ९५ वाचेल. म्हणून प्रत्येक मुदत अक्षरीही लिहून घ्या.

वॉरंटीला शब्द 'दमान' हाच ठेवा. बाजारात 'कफाला'ही चालतो, पण कायद्यात कफाला म्हणजे दुसऱ्याच्या देण्याला जामीन राहणं.

मुदतीच्या कलमात अडकण्याच्या जागा दोन आहेत. पंपांच्या कार्डावर सहसा 'बसवल्यापासून १२ महिने किंवा कारखान्यातून निघाल्यापासून १८ महिने, यांपैकी जे आधी' असं असतं. शेवटचे तीन शब्द गळले की निवड गिऱ्हाइकाकडे जाते. समजा पंप १० जानेवारी २०२५ ला कुपवाडहून निघाला आणि तिकडे १ डिसेंबर २०२५ ला बसला. तुमच्या मते वॉरंटी जुलै २०२६ मध्ये संपते. गिऱ्हाईक म्हणेल, नोव्हेंबर २०२६ अखेरपर्यंत आहे. तेव्हा अरबी मजकुरात 'अय्युहुमा अस्बक' हे शब्द आहेत का, बोट ठेवून विचारा. महिन्यांपुढे 'मीलादी' म्हणजे इसवी हेही हवं. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं असतं, त्यामुळे न लिहिल्यास साधारण अकरा दिवसांच्या फरकावर वाद उरतो.

आता अपवाद. 'मोटर जळाल्यास वॉरंटी नाही' हे वाक्य आपल्याकडचा डीलर समजून घेतो. अरबीत ते जसंच्या तसं गेलं तर मोटरला वॉरंटीच नाही असा अर्थ होतो आणि भांडण तिथूनच सुरू होतं. परिणाम लिहू नका, कारण लिहा: पाण्याविना चालवल्याने, ओव्हरलोड रिले न बसवल्याने, ठरलेल्या मर्यादेबाहेरच्या व्होल्टेजने जळाल्यास. 'ड्राय रन'चं शब्दशः अरबी करण्यापेक्षा 'बिदून माअ', पाण्याविना, हे तिथल्या फिटरला लगेच कळतं.

आणि विजेच्या अपवादावर फार विसंबू नका. सौदीत वीज ६० हर्ट्झची आहे. ५० हर्ट्झसाठी केलेला मोनोब्लॉक तिथे सुमारे वीस टक्के जास्त वेगाने फिरतो आणि पंपाचा भार वेगाच्या घनाने वाढत असल्याने मोटरवर जवळजवळ पावणेदोन पट ताण येतो. असा पंप जळाला तर 'अयोग्य वीजपुरवठा' हा बचाव टिकणं अवघड, कारण माल कुठे चाललाय हे तुम्हाला ठाऊक होतं. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ हेच सांगतं: गिऱ्हाइकाने हेतू कळवून तुमच्या कौशल्यावर भरवसा ठेवला, तर माल त्या हेतूला योग्य असण्याची अट गृहीत धरली जाते. पंपाच्या पाटीवर किती हर्ट्झ छापलंय ते कार्डाआधी तपासा.

दाव्याच्या पद्धतीत सांगलीचं सर्व्हिस सेंटर तसंच राहिलं असेल, तर जेद्दाहून पंप इथे कोण आणणार आणि भाडं कोण देणार? तिथे जेद्दाच्या व्यापाऱ्याचा पत्ता टाका. 'दोष आढळल्यापासून' इतक्या दिवसांत लेखी कळवणे, सोबत बिल आणि नंबरपाटीचा फोटो, आणि तपासणीआधी मोटर न उघडणे, एवढं पुरे. 'दुरुस्ती किंवा बदली' यात अरबी 'अव' म्हणजे किंवा. त्याजागी 'व' म्हणजे आणि आला, तर दोन्ही द्यावं लागेल. निवड कंपनीची, हेही जोडा.

'वाद सांगली न्यायालयात' ही ओळ कार्डावरून काढा, तिथल्या गिऱ्हाइकाने ती मान्य केलेली नसते. व्यापाऱ्याशी होणाऱ्या करारात मात्र लवादाचं कलम घ्या. लवादाचे निवाडे परदेशात अमलात आणण्याच्या न्यूयॉर्क कराराचे भारत आणि सौदी दोघेही सदस्य आहेत. व्यापाऱ्याशी होणाऱ्या त्या करारातच कार्डाचा मंजूर अरबी मजकूर परिशिष्ट म्हणून जोडा आणि दोघांनी प्रत्येक पानावर सही करा.