रेल्वे रद्द झाली, रेक्टर मॅडमना काय कळवू?

प्रश्न : दिवाळीला परभणीला आले आहे. रविवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला निघून सोमवारी सकाळी हॉस्टेलवर पोचायचं होतं, पण तिकिटं रद्द झाली. रेक्टर मॅडमना मेसेज कसा करू?

उत्तर : आधी सांग, गाडीच रद्द झाली की वेटिंग कन्फर्म झालं नाही? "तिकीट रद्द झालं" एवढंच लिहिलंस तर मॅडमना वाटेल, तूच रद्द केलंस. गाडी रेल्वेने रद्द केली असेल तर बुकिंगच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर तसा मेसेज येतो. तिकीट नेट कॅफेवाल्याने काढलं असेल तर तो बहुतेक त्याच्याच फोनवर गेला असेल, त्याच्याकडून मागव. वेटिंगचं ऑनलाइन तिकीट मात्र चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं. तसं असेल तर तसंच लिही. पीएनआरच्या स्क्रीनवर WL आणि Chart Prepared दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट पुरतो. Can/Mod दिसत असेल तर तिकीट रद्द झालंय किंवा बदललंय, एवढंच त्यावरून कळतं. WL चा स्क्रीनशॉट पाठवलास की विषय संपला!

मॅडमचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग एसटीने का नाही आलीस?" परभणीहून पुण्याला एसटी आहे, ट्रॅव्हल्सही आहेत, हे त्यांना माहीत असतं. म्हणून आधी बसचं तिकीट काढ आणि मगच मेसेज कर. "दोन-तीन दिवसांत येते" हे वाक्य रेक्टर लोकांना सगळ्यात जास्त खटकतं, कारण रजिस्टरमध्ये तारीख लिहावी लागते.

समजा, सोमवार रात्रीच्या बसचं सीट मिळालं. मग असं लिही:

"मॅडम, नमस्कार. मी (नाव), खोली क्र. २१४, बीएस्सी दुसरं वर्ष. माझी सुट्टी रविवारपर्यंत मंजूर आहे. रविवारी रात्रीची परभणी-पुणे गाडी रेल्वेने रद्द केली आहे, त्यांचा मेसेज सोबत जोडला आहे. रविवारच्या बसमध्ये जागा मिळाली नाही. सोमवार रात्रीच्या बसचं तिकीट काढलं आहे, तेही जोडत आहे. मंगळवारी सकाळी सहा-साडेसहापर्यंत पोचेन. कृपया एक दिवसाची सुट्टी वाढवून द्यावी. सोमवारी मेसमध्ये माझं जेवण धरू नये. बाबा आज संध्याकाळी आपल्याला फोन करतील."

वेटिंग असेल तर गाडीचं वाक्य बदल: "रविवारच्या गाडीचं तिकीट वेटिंगवर होतं, ते कन्फर्म झालं नाही." बसला जागा नव्हती हे वाक्य खरं असेल तरच ठेव.

बाबांचा फोन प्रवेशाच्या फॉर्मवर दिलेल्या नंबरवरूनच जाऊ दे. मामाच्या नंबरवरून "मी तिचे वडील बोलतोय" म्हटलं की शंका येते, मुलींच्या हॉस्टेलला तर हमखास. सकाळी सहाला गेट उघडं असतं का, तेही त्याच फोनवर विचारायला सांग.

मॅडमचं उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरू नकोस, हॉस्टेलच्या ऑफिसला फोन कर. आणि सोमवारची कॉलेजची गैरहजेरी यात येत नाही. प्रॅक्टिकल असेल तर सरांना वेगळं कळव.