पगाराची फाइल: टोटल जुळतं, तरी पैसे भलत्याच खात्यात का जातात

«पगाराची बल्क फाइल बँकेत टाकण्याआधी तुम्ही नेमकं काय तपासता? आमचं टोटल जुळलं, माणसांची संख्या जुळली, बँकेने फाइल घेतलीसुद्धा, तरी काही जणांचा पगार दुसऱ्यांच्या खात्यात गेला. सगळं काम एक्सेलवरच आहे.»

पोस्ट वाचल्यावर आमच्या जुन्या कंपनीतला तो महिना डोळ्यासमोर आला. खाते क्रमांक, रक्कम आणि आयएफएससी हे कॉलम लागतातच, ते सांगत बसत नाही. दोन गोष्टी आधीच सांगतो: मी बँकेतला माणूस नाही, आणि प्रत्येक बँकेचा फॉरमॅट वेगळा असतो, त्यामुळे कॉलम तुमच्याप्रमाणे बदलून घ्या.

आमचा पगार बाहेरची एक एजन्सी करायची. त्यांच्या शीटमध्ये नाव आणि खाते क्रमांक एका बाजूला, मध्ये एक रिकामा कॉलम आणि पलीकडे निव्वळ पगार, अशी मांडणी होती. त्यांच्याकडच्या कोणीतरी नावाप्रमाणे सॉर्ट केलं. रिकामा कॉलम मध्ये आला की एक्सेल पलीकडचा भाग वेगळा तक्ता समजतं आणि कुठलीही सूचना न देता फक्त अलीकडचा भाग हलवतं. नावं आणि खाती एकत्र हलली, रकमा जागच्या जागी राहिल्या. संख्या तीच, एकूण रक्कम तीच, खाते क्रमांकांची बेरीज केली असती तर तीही तीच. ज्या तीन आकड्यांवर आपण विसंबतो, त्या तिन्हींना ही चूक दिसत नाही, कारण एकही आकडा बदललेला नसतो. बदललेली असते ती जोडी.

म्हणून खाते आणि रक्कम यांना एकत्र बांधणारा आकडा लागतो. मी प्रत्येक खात्याचे शेवटचे चार अंक घेतो, त्यांना त्या ओळीच्या रकमेने गुणतो आणि सगळ्या गुणाकारांची बेरीज करतो. इथे C कॉलममध्ये खाते क्रमांक आणि D मध्ये रक्कम आहे:

```
=SUMPRODUCT(--RIGHT(C2:C181,4),D2:D181)
```

समजा तीन माणसं आहेत. शेवटचे अंक 0417, 1932, 0865 आणि पगार 28,500, 31,250, 24,780. एकूण 84,530 आणि गुणाकारांची बेरीज 9,36,94,200. आता पहिल्या दोघांचे पगार अदलाबदल करा. एकूण 84,530 च राहतं, पण गुणाकारांची बेरीज 8,95,27,950 होते. फरक लगेच दिसतो. दोघांचा पगार सारखाच असेल किंवा शेवटचे चार अंक सारखेच असतील, तर ही अदलाबदल यात सापडणार नाही, तेवढं लक्षात ठेवा. पगार सारखाच असेल तर नुकसानही नाही म्हणा.

पण हा आकडा दोन वेगळ्या ठिकाणांहून काढला तरच त्याला अर्थ आहे. एकदा बँकेत जाणाऱ्या शेवटच्या फाइलवरून काढा. दुसऱ्यांदा कर्मचारी मास्टरमधली खाती आणि पगारपत्रकातल्या रकमा एम्प्लॉयी कोडवर जोडून काढा. त्याच शीटवर दोनदा काढलात तर चुकीचा आकडा चुकीच्या आकड्याशी छान जुळेल. जोडताना VLOOKUP च्या शेवटी FALSE हवंच. ते राहिलं तर कोड न सापडल्यावरही एक्सेल जवळपासच्या माणसाचं खाते आणून देऊ शकतं.

दुसरा मोठा धोका खाते क्रमांकाचाच. एक्सेल कुठल्याही संख्येचे 15 अंकच धरून ठेवतं. 9182736450192837 असा 16 अंकी क्रमांक साध्या सेलमध्ये टाकला की तो 9182736450192830 होतो. अंकांची संख्या अजूनही 16, त्यामुळे लांबी तपासून काही कळत नाही, आणि तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा असेल तर पैसे तिकडे जातील. कॉलमभर 16 अंकी क्रमांक शून्यावर संपताना दिसले की तिथेच थांबा. नंतर फॉरमॅट टेक्स्ट करून गेलेला अंक परत येत नाही. आधी कॉलम टेक्स्ट करायचा, मग मूळ कागदावरून भरायचं. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकातलं पुढचं शून्य जातं, तेही एक्सेल क्रमांकाला संख्या समजतं म्हणूनच.

एकच खातं दोनदा आलंय का, हे COUNTIF ने पाहू नका. ते टेक्स्टलाही संख्याच समजतं आणि शेवटचा अंक वेगळा असलेली दोन 16 अंकी खाती एकच ठरवतं. त्याऐवजी हे वापरा, उत्तर 1 पेक्षा जास्त आलं तर खातं खरंच दोनदा आहे:

```
=SUMPRODUCT(--(C$2:C$181=C2))
```

रकमेबाबत थोडक्यात: टेक्स्ट म्हणून बसलेली रक्कम SUM सरळ सोडून देतं, आणि पैशांपर्यंत ROUND न केलेले आकडे बेरजेत काही पैशांचा फरक दाखवतात. लोक तो फरक कुणा एकाच्या पगारात ढकलून मोकळे होतात. असं कधीही करू नका. त्या फरकाआड काय लपलंय ते सापडेपर्यंत फाइल थांबवा.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त मनस्ताप दिला, ते सांगतो. पैसे गेल्यावर आम्ही शाखेत धावलो. उत्तर मिळालं, «टोटल जुळलं, फाइल पास झाली, आमचं काम संपलं.» तिथून समोरच्या बँकेकडे पाठवलं, त्यांनी परत आमच्या शाखेकडे. लेखी तक्रारीची पोचसुद्धा मागून मागून घ्यावी लागली. राग अजून गेलेला नाही, कारण घरभाड्याच्या तारखेला एटीएमवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातात अर्धाच पगार होता. पण नियम समजून घ्या: एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावरच जमा होतात, फाइलमधलं नाव जुळवून नाही. जमा झालेले पैसे बँक त्या खातेदाराच्या संमतीशिवाय सहसा परत काढत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार 1 एप्रिल 2025 पर्यंत बँकांना एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यायची होती. ती चांगलीच आहे, पण बल्क फाइलमध्ये आपोआप तपासणी होते असं धरून चालू नका, आपल्या बँकेला लेखी विचारा. नवीन खातं मात्र या सोयीने किंवा एक रुपया पाठवून तपासाच, कारण मास्टरमध्येच क्रमांक चुकीचा असेल तर माझा गुणाकार काही कामाचा नाही.

आणखी एक, तपासलेली सीएसव्ही पुन्हा डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. नुसतं पाहून सेव्ह केलं तरी खाते क्रमांक बिघडतात. नोटपॅडमध्ये पाहा, किंवा Data > From Text/CSV ने तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या. मंजुरी देणाऱ्याने पाहिलेली आणि अपलोड झालेली फाइल एकच आहे, हे सिद्ध करायला मी दोन्ही वेळा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवतो आणि आलेली ओळ मंजुरीच्या मेलमध्ये चिकटवतो:

```
certutil -hashfile salary.csv SHA256
```

तुमच्या आत्ताच्या प्रकरणात, चुकलेल्या प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक काढून आजच शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. पैसे आपल्याच कर्मचाऱ्यांकडे गेले असतील तर त्यांच्याशी सरळ बोलून, लेखी घेऊन परत मागा. पुढच्या पगारातून परस्पर कापण्याआधी तुमच्या लेबर कन्सल्टंटला विचारा, तो भाग माझ्या अखत्यारीतला नाही. आणि ज्यांना कमी मिळालेत त्यांचा फरक आधी द्या, वसुलीची वाट पाहू नका.