'मी काहीच केलं नाही'मधला च

*पंचायत समितीत पाणीपुरवठ्याचं टेबल माझ्याकडे आहे. यंदाचा टंचाई आराखडा वेळेत गेला, तेव्हा गटविकास अधिकारी साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर माझं नाव घेऊन 'आराखडा नेटका झाला, अभिनंदन' असं लिहिलं. मी उत्तर दिलं, 'साहेब, मी काहीच केलं नाही, सगळं आपल्याच मार्गदर्शनामुळे.' नंतर वाचलं तर माझं मलाच ते खोटं वाटलं. नुसतं 'धन्यवाद' कोरडं वाटतं. अशा वेळी मराठीत काय म्हणतात?*

तुमच्या उत्तरात दोन 'च' आहेत आणि सगळा घोटाळा त्या दोघांनी मिळून केला आहे. 'काहीच'मधल्या 'च'नं तुम्हाला पुसून टाकलं, 'आपल्याच'मधल्या 'च'नं सगळं श्रेय उचलून साहेबांच्या ओटीत घातलं. हा 'च' मराठीत फार उपयोगाचा, पण तो कुंपण घालतो: हेच, दुसरं नाही. 'आपल्या मार्गदर्शनामुळे' म्हटलं तर बाकीच्यांना जागा राहते. 'आपल्याच' म्हटलं की गावोगावची माहिती गोळा करणारे ग्रामसेवकही बाहेर आणि तुम्हीही बाहेर.

'मी काहीच केलं नाही' हे तर 'च' काढूनही सुधारत नाही, ते अख्खं वगळावं लागेल. टंचाई आराखडा म्हणजे ऑक्टोबर ते जून असे नऊ महिने, तीन-तीन महिन्यांचे तीन टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात गाववार किती विहिरी अधिग्रहित करायच्या, कुठे विंधन विहीर, कुठे टँकर याचे तक्ते. ते आपोआप भरले जात नाहीत हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय साहेबांनी तो वाचून 'नेटका' हा शब्द वापरला. त्यावर 'मी काहीच केलं नाही' म्हणणं म्हणजे साहेबांना कामातलं काही कळत नाही असं चारचौघांत सुचवणं. नम्रता दाखवायला गेलात आणि वरिष्ठांच्या पारखेवर शंका घेऊन बसलात. तुमच्या मनात ते नव्हतं, पण वाक्याचा अर्थ तोच निघतो.

ही भाषा येते कुठून, तर बरीचशी भक्तीतून. 'मी पामर', 'आपली कृपा', 'आपल्या पायांची पुण्याई'. अभंगात 'मी पामर' येतं तेव्हा समोर विठ्ठल असतो, त्याच्यापुढे सगळं त्याचंच असतं आणि म्हणून तिथला 'च' खरा असतो. पंचायत समितीत समोर गटविकास अधिकारी असतात. त्यांची पुढच्या वर्षी बदली होणार असते.

'आशीर्वाद' मात्र यातून सोडवायला हवा, कारण तो शब्द अजून जिवंत आहे. गावाकडे म्हातारा चुलता 'नाव काढलंस पोरी' म्हणतो, तेव्हा 'तुमचा आशीर्वाद हाय' हे उत्तर कुणी तपासायला घेत नाही. त्याचा अर्थ 'ऐकलं, बरं वाटलं, तुम्ही मोठे आहात' एवढाच असतो, आणि वाकून नमस्कार केला की बोलायचीही गरज उरत नाही. हेच वाक्य ऑफिसात, ज्यांच्या सहीनं तुमचा गोपनीय अहवाल लिहिला जातो त्यांच्यापुढे म्हटलं की त्याला लोण्याचा वास येतो. तरीही तो शब्द वापरायचाच असेल तर 'आशीर्वादामुळे झालं' असं म्हणू नका, 'आशीर्वाद असू द्या' म्हणा. पहिल्यात झालेल्या कामाचं कारण सांगितलंय आणि ते खोटं आहे. दुसऱ्यात पुढच्यासाठी काही मागितलंय, त्यात खोटं ठरण्यासारखं काही नाही.

'धन्यवाद' कोरडं वाटतं हे खरं, पण दोष शब्दाचा नाही, तो एकटा सोडला की तसं होतं. मराठीत त्याला जोड द्यायला एक साधा शब्दप्रयोग आहे, तो हल्ली लिहिताना लोक का टाळतात कोण जाणे: 'बरं वाटलं'. 'अत्यंत आनंद झाला', 'भारावून गेले', 'शब्द अपुरे पडतात' यांच्यापुढे तो अगदी साधा दिसतो. पण त्यात कौतुक नाकारणं नाही, त्याला चढवणंही नाही. ते पोचलं एवढी पोच आहे. 'तुम्ही आवर्जून लिहिलंत, बरं वाटलं' यातलं 'आवर्जून' वरिष्ठांच्या कृतीची दखल घेतं, आणि 'लिहिलंत' मधला शेवटचा 'त' आदर सांभाळतो. 'लिहिलं' असं अर्धवट सोडू नका, एवढ्याशा 'त'नं वाक्य सरळ उभं राहतं.

मग तुमचा वाटा कसा सांगायचा? 'मी केलं' म्हणायला जीभ अडखळते, म्हणून माणूस 'मी काही केलं नाही' या टोकाला जातो. मराठीनं याची मधली वाट व्याकरणातच करून ठेवली आहे: 'मला जमलं', 'मला करता आलं', 'यंदा साधलं'. यात 'मी' हा कर्ता मिरवत पुढे येत नाही, पण 'मला' म्हणून वाक्यात हजर असतो. 'मला तक्ते नीट जुळवता आले' यात बढाई कुणाला ऐकू येणार नाही, आणि जुळवले कुणी हे मात्र सगळ्यांना कळेल. या वाक्यातला 'मला' संकोचापोटी गाळू नका. तो गाळला की 'तक्ते नीट जुळवता आले' एवढंच उरतं, म्हणजे कुणाला ते कळतच नाही.

साहेबांचं मार्गदर्शन खरोखर असेल तर तेही सांगावं, फक्त नेमकं. 'आपलं मोलाचं मार्गदर्शन' हे निरोपसमारंभातल्या आभारप्रदर्शनाचं वाक्य आहे, ते कुणालाही लागू पडतं म्हणून कुणालाच लागत नाही. त्यांनी काय सांगितलं होतं ते आठवा. समजा, विहीर अधिग्रहणाचा तक्ता टँकरच्या तक्त्यातून वेगळा काढा असं त्यांनी सुचवलं होतं. मग तेवढंच लिहा. सगळं मिळून असं काहीसं होईल:

'धन्यवाद साहेब. तुम्ही आवर्जून लिहिलंत, बरं वाटलं. ग्रामसेवकांनी गाववार माहिती वेळेत दिली, म्हणून मला तक्ते नीट जुळवता आले. अधिग्रहणाचा तक्ता वेगळा काढायला तुम्ही सांगितलं होतंत, त्याचा फार उपयोग झाला.'

चार वाक्यं झाली, ग्रुपवर याहून लांब नको. ग्रामसेवकांचं नाव यात शोभेसाठी आलेलं नाही, ती मंडळी तो ग्रुप वाचत असतात. 'म्हणून मला' या दोन शब्दांनी त्यांचा वाटाही राहिला आणि तुमचाही. त्यानंतर जे पंधरावीस अंगठे आणि टाळ्या येतील त्या प्रत्येकाला वेगळे हात जोडत बसू नका, सगळ्यांना मिळून एकदा पुरे.

फोनवर किंवा केबिनमध्ये तर याच्या निम्मंही नको. 'धन्यवाद साहेब, ऐकून बरं वाटलं' आणि थांबायचं. थांबणं जड जातं, ती शांतता भरून काढायला तोंडातून 'छे छे, कसचं काय' निसटतं. मग साहेबांना भाग पडतं, 'अहो नाही, खरंच चांगलं झालंय' असं पुन्हा म्हणायला. उत्तर फसल्याची ही खूण: समोरच्याला तेच कौतुक दुसऱ्यांदा करावं लागलं. एकदा मिळालेलं कौतुक नाकारून पुन्हा वसूल केल्यासारखं ते दिसतं. गाण्याच्या मैफलीत पुढच्या रांगेतल्या बुजुर्गांनी दाद दिली की गवई नुसती मान लववतो किंवा हात कपाळाकडे नेतो आणि पुढची तान घेतो. गाणं थांबवून तो 'कसचं कसचं' करत नाही. हे 'कसचं कसचं' मित्रांत मजेनं म्हणावं, तिथे ते खुलतं, कारण ते लटकं आहे हे दोघांनाही ठाऊक असतं.

दोन प्रसंग याहून वेगळे. साहेब भरात येऊन म्हणाले, 'असा आराखडा जिल्ह्यात झाला नाही', तर त्यावर वाद घालू नये आणि 'लाजवू नका' असं लाडिकही होऊ नये. त्यातलं जेवढं खरं वाटतं तेवढं उचलावं: 'यंदा एकही गाव सुटलं नाही, त्याचं समाधान आहे.' आणि कौतुक मुळात चुकीच्या माणसाचं झालं असेल, म्हणजे नकाशे शाखा अभियंत्यांनी केले आणि नाव तुमचं आलं, तर लगेच आणि स्पष्ट सांगावं: 'साहेब, नकाशे शाखा अभियंत्यांचे आहेत, माझे तक्ते.' ही नम्रता नव्हे, ही दुरुस्ती आहे, आणि ती 'छे छे'च्या सुरात सांगितली तर कुणी मनावर घेत नाही.

शब्दांबद्दल थोडं. 'आपले धन्यवाद' हे हिंदीच्या वळणानं आलंय. मराठीत 'धन्यवाद' एकटा उभा राहतो, आणि कुणाचे तरी मानायचे असतील तर ते 'आभार'. 'आभारी आहे' हे काहीतरी मिळालं किंवा कुणी आपल्यासाठी काही केलं तर चांगलं, जसं साहेबांनी तुमची शिफारस केली तर. कौतुकाला 'धन्यवाद' बरा. 'ऋणी'ला आराखड्यासाठी त्रास देऊ नका. अभिनंदनाची परतफेडही होत नसते: दिवाळीच्या शुभेच्छांना 'तुम्हालाही' चालतं, 'अभिनंदन'ला 'तुमचंही' म्हटलं तर साहेब विचारात पडतील.

कुणी निवृत्त वरिष्ठ किंवा जुने गुरुजी पत्रानं अभिनंदन कळवतील, तर त्याला आपल्या पत्रलेखनात चांगला साचा तयार आहे. 'आपलं पत्र पोचलं, वाचून आनंद झाला' ही पोच. मग दोन ओळी कामाच्या, त्यांना रस वाटेल असा एखादा तपशील घालून, उदाहरणार्थ त्यांच्या वेळी टँकरवर असलेल्या एखाद्या गावाचं आज काय चाललंय ते. आणि खाली 'कळावे, लोभ असावा.' हल्ली हे जुनाट वाटून लोक 'आपला विश्वासू' लिहितात, पण तो अर्जाचा शेवट झाला. कौतुकाच्या उत्तराखाली 'लोभ असावा'च लिहावं. तिथला 'च' मी मुद्दाम ठेवलाय.